गणपतीतली ड्युटी लिस्ट: मेसेज असा लिहा की रात्री अडीचला मंडप रिकामा राहणार नाही

आमच्या मंडळात पहिल्या वर्षी ड्युटी लिस्ट माझ्याकडे आली तेव्हा मी मस्त एक्सेलमध्ये रंगीबेरंगी तक्ता केला, फोटो काढून ग्रुपवर टाकला, पंचवीस जणांनी अंगठा दाखवला आणि मला वाटलं झालं काम. चौथ्या दिवशी रात्री १२ ते अडीच मंडपात कोणीच नव्हतं. पाऊस आला, ताडपत्रीला पोट आलं, पाणी थेट एक्स्टेन्शन बोर्डच्या बाजूला गळायला लागलं आणि हे कळलं कुणाला, तर नाइट शिफ्टवरून घरी येणाऱ्या सी विंगमधल्या एका काकांना. त्यांनी मेन स्विच पाडला म्हणून निभावलं. ज्या दोन पोरांची ड्युटी होती ती दोघं घरी शांत झोपलेली, आणि चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी लिहिलं होतं "शनिवार रात्री १२ ते ६". त्यांनी धरलं शनिवारचा दिवस संपल्यावर येणारी रात्र, मला म्हणायचं होतं शुक्रवार संपून शनिवार लागतो ती. कॅलेंडरने मी बरोबर, बोलीभाषेने ते बरोबर.

तेव्हापासून दरवर्षी थोडं थोडं सुधारत आता एक पद्धत बसलीये, ती इथे सविस्तर लिहितोय. आमचं मंडळ सोसायटीचं आहे, फार मोठं नाही, २६ जण खरंच हजर राहणारे (ग्रुपवर ९०च्या वर आहेत, ते सोडा). उदाहरण २०२५ च्या तारखांचं घेतो, म्हणजे चतुर्थी बुधवार २७ ऑगस्ट आणि अनंत चतुर्दशी शनिवार ६ सप्टेंबर. तुमच्या वर्षाच्या तारखा टाका, गणित तेच राहतं.

आधी रात्री मोजा, दिवस नंतर

सगळे दिवसांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. दिवसा कोणी ना कोणी मंडपात असतंच, कोणाची आजी येऊन बसते, पोरं कॅरम खेळत असतात, खरा प्रश्न रात्रीचा असतो. तर आधी रात्री मोजायच्या. चतुर्थीची रात्र ते विसर्जनाच्या आदली रात्र अशा दहा होतात असं वाटतं. पण मूर्ती आदल्या संध्याकाळी येते, मंडपात साऊंड, लायटिंग, डेकोरेशनचं सामान सगळं लागलेलं असतं, म्हणजे २६ ऑगस्टची रात्र धरायलाच हवी. आणि विसर्जनाची रात्र तर सगळेच विसरतात, कारण बाप्पा गेले की आपण पण घरी. पण रिकाम्या मंडपात जनरेटर, हॅलोजन, मॅटिंग, भाड्याचे पंखे असतात, मंडपवाला दुसऱ्या दिवशी दुपारी येणार, आणि त्या रात्री सगळे नाचून आडवे झालेले. एका वर्षी आमचे भाड्याचे दोन पंखे त्याच रात्री गेले, भरपाई मंडळाच्या खिशातून. तेव्हा एकूण बारा रात्री.

अकरा रात्री तीन-तीन जण आणि विसर्जनाच्या रात्री दोन, मिळून ३५ ड्युट्या. तीनच का, तर दोघांत एक जण चहाला किंवा बाथरूमला गेला की दुसरा एकटा पडतो आणि एकटा माणूस पहाटे तीनला हमखास झोपतो. तिघांत आळीपाळीने एक जण पडू शकतो, दोन जागे राहतात.

आता दिवस. २७ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर हे दहा दिवस, रोज चार पाळ्या, पाळीला दोन जण, म्हणजे ८० ड्युट्या. विसर्जनाचा दिवस यात धरू नका, त्या दिवशी वेळेच्या पाळ्या नसतात, कामाच्या जबाबदाऱ्या असतात (दोरी कोणाकडे, ट्रॉलीच्या मागे कोण, निर्माल्य कोण उचलणार), त्याचा मेसेज वेगळा.

२६ पैकी रात्रीला तयार असलेले निघाले १४. ३५ भागिले १४ म्हणजे प्रत्येकी अडीच, तर सात जणांना तीन रात्री आणि सात जणांना दोन. या चौदा जणांना दिवसाच्या फक्त दोन-दोन ड्युट्या दिल्या, त्या झाल्या २८. उरलेल्या ५२ बाकीच्या बारा जणांत वाटल्या, आठ जणांना चार आणि चौघांना पाच. म्हणजे शेवटी सगळ्यांनाच चार किंवा पाच ड्युट्या येतात. हे गणित मी मेसेज करायच्या आधी मीटिंगमध्ये फळ्यावर लिहून दाखवतो, कारण "मलाच जास्त लावल्यात" हे भांडण एकदा सुरू झालं की संपत नाही, आणि आकडे समोर असले की सुरूच होत नाही.

रात्रीला १८ वर्षांखालची पोरं लावायची नाहीत. त्यांना कितीही हौस असली तरी, आणि त्यांना खूपच हौस असते.

"कधी जमेल" विचारू नका

कधी जमेल असं विचारलं की उत्तर येतं "सांगतो दादा", "बघतो", "ऑफिसवर डिपेंड आहे". उलटं विचारायचं, कधी जमणारच नाही ते सांग. पंधरा दिवस आधी, वर्गणीची पावती पुस्तकं फिरत असतात तेव्हाच, मी प्रत्येकाला पर्सनल मेसेज टाकतो, ग्रुपवर नाही, कारण ग्रुपवर एकाने "मला वीकडेज नाही जमणार" म्हटलं की दहा जणांना आठवतं की आपल्यालाही नाही जमत. मेसेज साधा असतो: "२६ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर यातले कुठले दिवस किंवा वेळा अजिबात नाही जमणार ते रविवारपर्यंत सांग. काही नाही सांगितलंस तर सगळे चालतील असं धरतो." शेवटच्या वाक्याने उत्तरं पटापट येतात.

इथे एक गोष्ट कायम डोक्यात ठेवायची ती म्हणजे गौरी. २०२५ ला गौरी ३१ ऑगस्टला आल्या, १ सप्टेंबरला पूजन, २ ला विसर्जन. या तीन दिवसांत ज्यांच्या घरी गौरी बसतात त्यांच्याकडे बायकाच काय, पुरुषांनाही घरातून पाय काढता येत नाही, पूजनाच्या दिवशी तर पाहुणे, नैवेद्य, सगळंच. आणि कोकणातले तर चतुर्थीच्या आधीच गावी गेलेले असतात, ते पाच दिवसांनी किंवा गौरी-गणपती करूनच परततात. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन खुणा असतात, "गौ" म्हणजे घरी गौरी, "गा" म्हणजे गावी. त्या तीन दिवसांच्या ड्युट्या आधी भरायच्या, ज्यांच्या नावापुढे एकही खूण नाही त्यांच्यातून. हे शेवटी ठेवलं तर त्या दिवशी माणूसच उरत नाही, कारण तोवर त्या मोकळ्या लोकांचा कोटा बाकीच्या दिवसांत संपलेला असतो.

पाळ्यांच्या वेळा, आणि त्या एकमेकांवर चढवणं

आमच्या वेळा अशा: सकाळ पावणेसहा ते ११, दुपार पावणेअकरा ते ५, संध्याकाळ पावणेपाच ते साडेआठ, रात्र ८ ते साडेअकरा, आणि रात्रपाळी सव्वाअकरा ते सकाळी ६. नीट बघितलं तर प्रत्येक पाळी आधीची संपायच्या निदान पंधरा मिनिटं आधी सुरू होते. पहिल्यांदा पोरं हसली, म्हणाली हे काय रेल्वेचं टाइमटेबल आहे का. पण आधी आम्ही "५ वाजता" लिहायचो तेव्हा येणारा पाच-दहाला यायचा आणि जाणारा पाच वाजता क्लासला पळायचा, मधली दहा मिनिटं दानपेटी आणि बाप्पा दोघंच. "दहा मिनिटं आधी या" असं वेगळं लिहून कोणी येत नाही, वेळच तशी लिहायची.

संध्याकाळ आणि रात्र या पाळ्या मुद्दाम अर्धा तास एकमेकांवर आहेत, ८ ते साडेआठ. आमची आरती आठला असते, तेव्हा गर्दी सगळ्यात जास्त, चपला, प्रसाद, लहान पोरं समईजवळ. जास्तीचा एकही माणूस न लावता बरोबर त्याच अर्ध्या तासात चार जण मिळतात. तुमची आरती साडेसातला असेल तर पाळ्या तशा सरकवा.

दुपारची पाळी सव्वासहा तासांची आहे, लांब वाटते, पण दुपारी काम कमी असतं आणि दोघं आळीपाळीने घरी जेवून येतात. तिथे नोकरीवाला लावून काहीच उपयोग नाही, रिटायर्ड काका-काकू, दुपारी कॉलेज नसलेली पोरं, घरून काम करणारे असेच बसवायचे.

रात्रीच्या पाळीचा शेवट परवानगीवरही अवलंबून आहे. लाऊडस्पीकर एरवी रात्री १० ला बंद, आणि जिल्हाधिकारी जाहीर करतात त्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते. त्या दिवशी कार्यक्रम लांबतो, साऊंडवाला साडेबाराला वायरी गुंडाळत असतो, मग रात्रीची पाळी साडेबारापर्यंत लिहायची आणि रात्रपाळी सव्वाबाराला सुरू करायची. सवलतीचे दिवस कोणते ते पोलिस स्टेशनच्या मीटिंगमध्ये सांगतात, सेक्रेटरीकडून लिहून घ्या, अंदाजाने नको.

तारखेचा घोळ

वर सांगितला तोच. आता रात्रपाळीच्या ओळीत मी दोन्ही वार आणि दोन्ही तारखा लिहितो, कितीही बावळट दिसलं तरी: "शनि. ३० रात्री ११:१५ ते रवि. ३१ सकाळी ६". "रात्री १२" हा शब्दच मेसेजमध्ये येऊ द्यायचा नाही. पाळी सव्वाअकराला सुरू करण्याचा हा पण फायदा आहे, सव्वाअकराला अजून शनिवारच असतो, वाद नाही. तसंच नुसतं "१२ वाजता महाप्रसाद" लिहू नका, "दुपारी १२" लिहा, एका वर्षी एका उत्साही काकूंनी विचारलं होतं की रात्री बारा म्हणजे जेवून यायचं की नाही.

नावांचंही तेच. आमच्याकडे ओंकार तीन आहेत. नुसतं ओंकार लिहिलं की तिघांनाही वाटतं दुसरा ओंकार. मोठा ओंकार, ओंकार बी विंग, ओंकार ढोलवाला, ज्या नावाने लोक खरंच हाक मारतात तेच लिहायचं.

राखीव माणूस

बॅकअप म्हणून नाव लिहिलं की बॅकअप होत नाही, हे मला महागात पडून कळलं. एकदा एका पोराचा बॅकअप मी त्याच्या सख्ख्या भावाला लावला, दोघं एकाच घरात, सोयीचं पडेल म्हणून. गौरीला दोघं एकाच गाडीने गावी. एकाला जे कारण लागू होतं तेच दुसऱ्याला लागू होत असेल तर तो बॅकअप नाही. एकाच घरातले नकोत, एकाच गावचे नकोत, एकाच कंपनीतल्या एकाच शिफ्टचे पण नकोत.

पाळीगणिक राखीव ठेवायचा पण नाही, पाच पाळ्या, पाच राखीव, कोणालाच लक्षात राहत नाही आपण कधी राखीव आहोत. रोज दोनच, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. दिवसाचा राखीव सकाळी पावणेसहा ते संध्याकाळी ५, तो दिवसा घरी असणारा हवा. रात्रीचा ५ ते पुढच्या सकाळी ६, आणि त्याची दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी नको, नाहीतर एक माणूस पडला की दोन पाळ्या कोसळतात. दोघंही मंडपापासून चालत दहा मिनिटांच्या आत राहणारे. बाइकवर लांबून येणारा राखीव पावसात येत नाही, हे मी कोणाला दोष देऊन म्हणत नाहीये, मी पण येणार नाही.

रात्रीच्या राखीवाला एक प्रश्न तोंडावर विचारायचा: रात्री फोन सायलेंट करतोस का? करत असेल तर मंडपाचा नंबर आणि पाळीप्रमुखाचा नंबर फेवरिट किंवा सायलेंटमधून सूट अशा सेटिंगला टाकून घ्यायचा, तिथल्या तिथे, माझ्यासमोर. मग मी एक मिस्ड कॉल देऊन बघतो वाजतो का. आणि राखीवाला खरंच बोलावलं गेलं तर ती त्याची ड्युटी म्हणून मोजायची आणि त्याची पुढची एक कमी करायची. हे आधीच सांगितलं की राखीव व्हायला लोक नाही म्हणत नाहीत.

फोन कोणी, कधी, कोणाला करायचा तेही ठरलेलं पाहिजे. आमचा नियम असा, सव्वाअकराची पाळी धरू: ११:२५ पर्यंत माणूस आला नाही तर आधीच्या पाळीतला माणूस त्याला फोन करणार. उचलला नाही किंवा "येतो येतो" म्हणाला तरी ११:३० ला थेट राखीवाला फोन. राखीवानेही नाही उचलला तर ११:३५ ला पाळीप्रमुखाला, आणि तिथून पुढे पाळीप्रमुखाची डोकेदुखी. दुसरा माणूस येऊन ताबा घेत नाही तोवर जाणाऱ्याने जायचं नाही. "येतो येतो" वाल्याला थांबून राहणं हीच सगळ्यात मोठी चूक होते, तो गॅलरीत उभा राहून पाऊस थांबायची वाट बघत असतो.

रोजचा मेसेज

पूर्ण अकरा दिवसांचा तक्ता एकदाच टाकतो, पीडीएफ, ज्याला आपल्या सुट्ट्या बघायच्या त्याच्यासाठी. काम खरं रोजच्या मेसेजने होतं. रोज रात्री ९ ला, आरती-प्रसाद उरकून लोक फोन हातात घेतात तेव्हा, उद्याचा. हा बघा एक (नावं बदललीयेत, नंबर झाकलेत):

```
*उद्याची ड्युटी: शनिवार ३० ऑगस्ट* (मेसेज नं. ४)

*सकाळ ५:४५ ते ११*
मोठा ओंकार, स्नेहाताई
(हार ७ ला येतील, आरती ८:३०)

*दुपार १०:४५ ते ५*
कुलकर्णीकाका, तन्वी ए विंग

*संध्याकाळ ४:४५ ते ८:३०*
प्रथमेश, वैशालीवहिनी

*रात्र ८ ते ११:३०*
ओंकार बी विंग, निखिल

*रात्रपाळी: शनि. ३० रात्री ११:१५ ते रवि. ३१ सकाळी ६*
सागर, ओंकार ढोलवाला, अक्षय

*राखीव*
दिवस: देशपांडेकाका 98xxxxxx11
रात्र: रोहन सी विंग 98xxxxxx12
पाळीप्रमुख: मंदारदादा 98xxxxxx13
वायरमन: 98xxxxxx14

चावी: सकाळी मोठा ओंकार रात्रपाळीकडून घेईल
ज्यांची ड्युटी आहे त्यांनीच १०:३० पर्यंत *हो* लिहा
```

यात काही गोष्टी मुद्दाम आहेत. फोन नंबर फक्त चौघांचे आहेत, सव्वीस जणांचे नाहीत. एक तर नंबरांच्या गर्दीत हवा तो सापडत नाही, दुसरं म्हणजे हे मेसेज फॉरवर्ड होत होत कुठेही जातात आणि ताई-वहिनींचे, कॉलेजच्या मुलींचे नंबर असे फिरू द्यायचे नाहीत. पाळीतल्या लोकांचे नंबर मंडपातल्या रजिस्टरमध्ये शेवटच्या पानावर असतात, तिथे ड्युटीवाल्यालाच दिसतात. ज्यांचे नंबर मेसेजमध्ये टाकतोय त्यांनाही आधी विचारायचं. नंबर मी इंग्रजी आकड्यांत, मधे जागा न सोडता टाकतो, बोट ठेवलं की कॉल लागला पाहिजे, रात्री कोणी नंबर पाठ करून डायल करत बसत नाही. म्हणूनच तक्त्याचा फोटो टाकू नका, फोटोतल्या नंबरवर बोट ठेवून काही होत नाही आणि काकांना झूम करूनही दिसत नाही.

वेळ आणि पाळी ठळक करायला दोन्ही बाजूंना * लावायचा, व्हॉट्सॲपवर ते आपोआप जाड होतं. मेसेज याहून मोठा करायचा नाही, कारण लांब झाला की खाली Read more येतं आणि रात्रपाळी, राखीव हे नेमकं त्याच्या खाली लपतं. वर श्लोक, बाप्पाचे पाच इमोजी, "सर्व कार्यकर्त्यांना कळविण्यात येते की" हे सगळं काढून टाका. माझं यावरून अध्यक्षांशी एकदा वाजलंय, त्यांना वाटतं मोरया तरी लिहायला हवं. मी म्हटलं मोरया शेवटी लिहा.

"हो" लिहायलाच लावा, अंगठा नको. अंगठा ड्युटी नसलेले पण दाखवतात, कोणाची मावशी पण दाखवते, मग २३ अंगठ्यांतून अकरा जण शोधत बसा. साडेदहाला ज्याचा "हो" नाही त्याला मी फोन करतो, मेसेज नाही. अकरातले साधारण दोघं-तिघं रोज निघतात, त्यातल्या एखाद्याला खरंच अडचण असते, आणि ती आदल्या रात्री कळली तर बदल करायला वेळ असतो.

ग्रुप दोन ठेवा. गप्पा, फोटो, आरतीचे व्हिडिओ मोठ्या ग्रुपवर. ड्युटीचा ग्रुप फक्त २६ जणांचा, त्यात एवढाच मेसेज आणि "हो". आम्ही आधी ॲडमिनच मेसेज टाकू शकतील अशी सेटिंग केली होती, पण मग "हो" कुठे लिहिणार, म्हणून काढली, आता एकदा बजावून सांगितलंय की इथे गुड मॉर्निंग टाकलं की एक रात्रपाळी वाढेल. टाकत नाहीत. पीडीएफ तक्ता पिन करताना ३० दिवस निवडा, नुसतं पिन केलं तर ७ दिवसच राहतो आणि बरोबर गौरी गेल्यावर पिन पण जातो.

बदल झाला तर

अदलाबदल करायची तर करणाऱ्याने स्वतः माणूस शोधायचा आणि दोघांनीही मला कळवायचं. फक्त सोडणाऱ्याने कळवलेलं धरायचं नाही, "मी निखिलला सांगितलंय" आणि निखिलला पत्ता नाही, हे दर वर्षी एकदा होतंच.

पाठवलेला मेसेज व्हॉट्सॲपवर १५ मिनिटंच एडिट होतो, आणि एडिट केला तरी ज्याने आधी वाचला तो परत उघडत नाही. म्हणून एडिट करायच्या भानगडीत न पडता पूर्ण मेसेज परत टाकायचा, नंबर "४-अ" देऊन, वर एका ओळीत काय बदललं ते ("रात्रपाळीत अक्षयऐवजी सिद्धेश"), आणि जुना सगळ्यांसाठी डिलीट. नुसतं "अक्षयऐवजी सिद्धेश" एवढाच मेसेज टाकला तर जुना वर राहतो, कोणी तोच फॉरवर्ड करतो आणि रात्री अक्षयची आई मला फोन करते. ज्याचं नाव बदललं त्याला @ लावून मेन्शन करा, शिवाय फोन कराच.

ताबा

मेसेजमध्ये हे नसतं पण त्याच्याशिवाय पाळी बदलली असं म्हणता येत नाही. रजिस्टरमध्ये नाव, आल्याची वेळ, सही, आणि जाणारा येणाऱ्याला चार गोष्टी हातात देतो किंवा दाखवतो: चावी, दानपेटीचं सील शाबूत आहे ते, समईत तेल आहे आणि भोवतीची जागा मोकळी आहे ते, आणि अग्निशामक सिलिंडर जागेवर आहे ते. रात्री पोलिस गस्तीवर आले की विचारतात कोण आहे, किती जण, तेव्हा रजिस्टर पुढे करायचं. रजिस्टरच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात ११२, फायर ब्रिगेड १०१, ॲम्ब्युलन्स १०८ आणि मेन स्विच कुठे आहे त्याचं छोटं चित्र चिकटवलंय. चित्र त्या पावसाच्या रात्रीनंतर आलं. त्या काकांना स्विच माहीत होता कारण ते स्वतः इलेक्ट्रिकलचे आहेत, दुसरं कोणी असतं तर टॉर्च घेऊन शोधत बसलं असतं.

विसर्जनाच्या रात्रीचे दोघं मी आधीच बाजूला काढतो. ते मिरवणुकीत जातात पण चौकापर्यंतच, तिथून परत येऊन संध्याकाळी सात ते रात्री ११ घरी झोपतात. त्यांचा मेसेज मी ६ तारखेला दुपारीच टाकतो, कारण रात्री ९ ला मी स्वतः ढोलाच्या आवाजात असतो आणि फोनला रेंज नसते:

```
*आज रात्रपाळी: शनि. ६ रात्री ११:१५ ते रवि. ७ सकाळी ६*
सिद्धेश, निखिल
राखीव: देशपांडेकाका 98xxxxxx11 (मिरवणुकीला जाणार नाहीत)
मंडपवाला रवि. दुपारी १ ला येईल. ६ नंतर चावी कुलकर्णीकाकांकडे.
पंखे ८, हॅलोजन ६, जनरेटर १. मोजून सही करा.
```